मायको, राहणार पिंपरी

मायको एकटा कधी येत नाही. त्याला सोबत लागतेच; कधी पुढे, कधी मागे, कधी दोन्हीकडे. ओटोमायकोसिस, मायकोटॉक्सिन, मायकोबॅक्टेरियम, स्ट्रेप्टोमायसिन, मायकोफेनोलेट अशा किती तरी नावांत तो घर करून बसलेला आहे. जन्माने ग्रीक. मूळ शब्द मायकीस, म्हणजे अळंबी, भूछत्र. पुढे शास्त्रज्ञांनी त्याला साऱ्या बुरशीवर्गाच्या कामाला लावलं. आपल्या पाठ्यपुस्तकांत हेच काम 'कवक' करतो.

पिंपळे सौदागरच्या माझ्या औषधांच्या दुकानात तो रोज येतो. सकाळी मलमाच्या ट्यूबवर, दुपारी तपासणीच्या रिपोर्टमध्ये, संध्याकाळी एखाद्या चिठ्ठीच्या तिसऱ्या ओळीत. या भागात माणसं कुठून कुठून येऊन राहिली आहेत. गावठाणातली जुनी घरं आहेत, हिंजवडीला जाणारी तरुण जोडपी आहेत आणि त्यांच्याकडे राहायला आलेले आईवडील आहेत. काउंटरवर सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "ताई, हे कशावर आहे?" उत्तर पाठ असतं तेव्हा मी लगेच सांगते. पण नाव नवं असेल तर पुस्तक उघडायच्या आधी माझी नजर आपोआप त्याचे तुकडे पाडायला लागते. कामाला येणाऱ्या डी.फार्मच्या मुलीलाही मी तीच सवय लावते आहे. या तुकडे पाडण्यात ज्याच्याशी सर्वांत जास्त झटावं लागतं, तो हा मायको.

तो खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतो. त्याचं अर्धं बोलणं कसं पुरं करायचं, ते मला ग्रीकच्या कुठल्या पुस्तकाआधी शाळेतल्या मराठीच्या तासाने शिकवलं होतं. समासाचा विग्रह आपण सगळ्यांनी केलेला असतो. चोरभय म्हणजे चोरापासून भय. देवघर म्हणजे देवासाठी घर. साखरभात म्हणजे साखर घालून केलेला भात. तिन्ही शब्दांत दोन पदं शेजारी शेजारी बसलेली आहेत आणि मधला प्रत्यय गळालेला आहे. 'पासून', 'साठी', 'घालून' हे ऐकणाऱ्याने आपलं आपण भरून घ्यायचं असतं. आपण ते न चुकता भरतो, कारण चोर, देव आणि भात आपल्या ओळखीचे असतात. शास्त्रीय शब्दही असेच सामासिक असतात. ग्रीक आणि लॅटिन पदं एकमेकांना जोडलेली असतात आणि विभक्ती गळालेली असते. फरक इतकाच की इथली पदं अनोळखी असल्यामुळे विग्रह जपून करावा लागतो.

तत्पुरुषाचा दुसरा नियम तर इथे जसाच्या तसा लागू पडतो. उत्तरपद प्रधान. देवघर हे शेवटी घर आहे आणि साखरभात शेवटी भात. म्हणून अनोळखी शास्त्रीय शब्द शेपटीकडून वाचायचा. आधी ही वस्तू आहे काय ते ठरवायचं, मग कसली ते.

ओटोमायकोसिस घ्या. पावसाळ्यात हा शब्द चिठ्ठीवर हमखास दिसतो. शेपटी आहे 'ओसिस': एखादी अवस्था, बहुतेक वेळा बिघडलेली. म्हणजे हा आजार आहे. औषध नाही, जंतू नाही, शरीराचा अवयवही नाही. त्याच्या आधी मायको, म्हणून बुरशीमुळे झालेला आजार. सर्वांत पुढे ओटो, ग्रीकमध्ये कान. विग्रह झाला: कानात बुरशीमुळे होणारा आजार. पुस्तक उघडलं तर तेच निघतं. कानात ओल राहते, कोणी काडी घालून कोरत बसतं, आणि बाहेरच्या नळीत ॲस्परजिलस नावाची बुरशी वाढते. कानाला खाज सुटते, दडा बसतो. डॉक्टरांनी आत पाहिलं तर ओल्या टीपकागदासारखा लगदा दिसतो आणि त्यावर कधी काळे ठिपके. शब्द फोडता आल्याचा इथे सरळ उपयोग होतो. शेजारचाच शब्द ओटायटिस. शेपटी 'आयटिस', म्हणजे दाह. त्यात दाह कशाने झाला ते सांगितलेलं नाही. ओटोमायकोसिसमध्ये सांगितलेलं आहे. म्हणून घरात पडलेले जीवाणूंवरचे थेंब या कानात घालून भागत नाही. उलट कानातले जीवाणू मरतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं.

मायको मधल्या पदात बसून मागे 'ओसिस' असला की तो असा सरळ वागतो. पण तेव्हाही त्याच्या पुढचं पद काय सांगतं, ते प्रत्येक वेळी तपासावं लागतं. ओनिको म्हणजे नख, म्हणून ओनिकोमायकोसिस हा नखाचा आजार. तिथे पुढचं पद जागा सांगतं. म्युकरमायकोसिस हा शब्द 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचला. त्यातलं म्युकर हे बुरशीच्या एका जातीचं नाव आहे, जागेचं नव्हे. लोकांनी त्याला काळी बुरशी म्हटलं, पण त्या ग्रीक-लॅटिन नावात काळा रंग कुठेच नाही. ती बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त पोचेनासं होतं आणि मेलेला भाग काळा पडतो. तो रंग आपल्या ऊतींचा, बुरशीचा नव्हे. त्या दिवसांत काहींनी भाकरीवरच्या काळ्या ठिपक्यांची धास्ती घेतली, तर काही जण नाकातून रक्त येत असूनही काळं काही दिसत नाही म्हणून थांबून राहिले. शास्त्रीय नाव फोडून पाहिलं असतं तर निदान रंगाने दिशाभूल केली नसती.

मायको जेव्हा पहिल्या पदात येतो तेव्हा त्याचा खरा स्वभाव कळतो. तो जवळजवळ सगळ्या विभक्तींतून फिरून येतो. मायकोलॉजी म्हणजे बुरशीचं शास्त्र, इथे षष्ठी. मायकोटॉक्सिन म्हणजे बुरशीने तयार केलेलं विष, इथे तृतीया. बुरशी आलेल्या शेंगदाण्यांत जे ॲफ्लाटॉक्सिन सापडतं ते याच घराण्यातलं. मायकोऱ्हायझा म्हणजे बुरशी आणि मूळ, झाडाच्या मुळाशी जडलेली दोघांची भागीदारी. इथे तर द्वंद्वच झाला. आणि मायकोबॅक्टेरियम म्हणजे बुरशीसारखा जीवाणू. क्षयाचा आणि कुष्ठाचा जंतू या कुळातला. लेहमान आणि नॉयमान या दोघा जर्मन शास्त्रज्ञांनी 1896 मध्ये हे नाव दिलं, कारण क्षयाचे जंतू द्रवात वाढवले की वर बुरशीसारखी साय धरतात. जंतूचा बुरशीशी नात्याचा संबंध नाही. संबंध दिसण्याचा आहे. तेव्हा पहिलं पद मायको दिसलं की मी त्या मुलीला एकच प्रश्न विचारते: बुरशीचं, बुरशीने, बुरशीपासून, बुरशीवर की बुरशीसारखं?

यातल्या 'पासून' आणि 'वर' या दोन प्रत्ययांत गल्लत झाली तर काय होतं, ते एका संध्याकाळी समोर उभं राहिलं. साठीच्या घरातले एक गृहस्थ औषधाची पट्टी घेऊन आले. त्यांच्या पत्नीला मूत्रपिंड बसवलेलं होतं. पट्टीवर नाव होतं मायकोफेनोलेट मोफेटिल, 500 मिलिग्रॅम. घरी मायकोनाझोलचं मलम होतं, त्यांच्या स्वतःच्या मांडीवरच्या खाजेसाठी आणलेलं. दोन्ही नावं शेजारी ठेवून त्यांनी अंदाज बांधला होता की पत्नीला दिलेल्या या गोळ्याही बुरशीवरच्याच. "हिला तर अंगावर कुठे काही नाही, मग बुरशीचं औषध कशाला चालू ठेवायचं? एवढं महागाचं?" असं ते विचारत होते. गोळ्या अजून थांबवलेल्या नव्हत्या, हे नशीब.

त्यांचा अंदाज अडाणीपणाचा नव्हता. त्यांनी पहिलं पद बरोबर ओळखलं होतं. पण शेपटीकडून वाचायला गेलं तर हा शब्द वेगळंच सांगतो. मोफेटिल हा मूळ रेणूला जोडलेला एक रासायनिक तुकडा. औषध पोटातून नीट शोषलं जावं म्हणून लावलेला. तो बाजूला ठेवला की उरतं मायकोफेनोलेट. 'एट' ही आम्लापासून बनलेल्या संयुगाची शेपटी, जशी सल्फेट आणि नायट्रेटला असते. म्हणजे मूळ वस्तू मायकोफेनोलिक आम्ल. त्यात फेनॉल हे रसायनाच्या रचनेचं नाव. शेपटी रसायनाची, मध्य रसायनाचा, मग पुढचा मायको काय सांगणार? ज्या शब्दाचे बाकी सगळे तुकडे वस्तू कशाची बनलेली आहे ते सांगतात, तिथे पहिलं पदही बहुधा ती आली कुठून तेच सांगतं. विग्रह असा: बुरशीपासून मिळालेलं फेनॉलयुक्त आम्ल. पंचमी. हे आम्ल इटलीच्या बार्तोलोमेओ गोसिओने 1893 मध्ये पेनिसिलियम जातीच्या बुरशीतून वेगळं काढलं होतं.

आता ते शरीरात काय करतं, हे शब्दातून कितीही ताणलं तरी निघत नाही. ते पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइटची वाढ रोखतं. या पेशींना दुप्पट होताना नवा डीएनए बांधायला जो कच्चा माल लागतो, त्याची वाट हे औषध अडवतं. त्यामुळे शरीर परक्या मूत्रपिंडावर तुटून पडत नाही. गोळ्या मध्येच सोडल्या तर बसवलेलं मूत्रपिंड नाकारलं जाण्याचा धोका. शिवाय प्रतिकारशक्ती दबलेली असल्यामुळे अशा माणसाला बुरशीचे आजार उलट लवकर होऊ शकतात. म्हणजे त्या गृहस्थांनी मायकोला लावलेला अर्थ खऱ्या परिणामाच्या अगदी विरुद्ध टोकाला जाऊन पोचला होता. मी त्यांना काउंटरच्या बाजूला बसवून हे सांगितलं आणि त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. तुकडे पाडून बांधलेला अंदाज प्रश्न विचारायला पुरेसा असतो, गोळी घ्यायला किंवा सोडायला नसतो, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते.

मग ते मलम? मायकोनाझोल खरंच बुरशीवरचं आहे. शेपटीकडून वाचा: 'ॲझोल', म्हणजे नायट्रोजन असलेलं पाच कोपऱ्यांचं कडं. त्याला पुढे 'कोन' जोडून 'कोनाझोल' ही बुरशीविरोधी औषधांची ठरलेली शेपटी झाली आहे. फ्लुकोनाझोल, किटोकोनाझोल, इट्राकोनाझोल या सगळ्यांना ती आहे. जागतिक आरोग्य संघटना औषधांची अधिकृत नावं ठरवते तेव्हा एका घराण्याच्या औषधांना एक शेपटी देते, त्यातली ही एक. म्हणजे मलमाचं काम त्याच्या शेपटीने सांगितलं होतं, पुढच्या 'मायको'ने नव्हे. आणि गंमत अशी की तो मायको आपला मायको नव्हेच. पट्टीवरचं इंग्रजी पाहिलं की कळतं. मायकोफेनोलेटमध्ये एमनंतर वाय आहे, मायकोनाझोलमध्ये आय. देवनागरीत दोन्ही 'माय' होतात आणि फरक पुसला जातो.

हा वाय म्हणजे मायकोचं ओळखपत्र. ग्रीकमधलं एक अक्षर रोमन लोकांनी आपल्या लिपीत वाय म्हणून घेतलं, म्हणून शास्त्रीय शब्दाच्या मध्यावर वाय दिसला तर शब्द ग्रीक असण्याची शक्यता मोठी. आपल्या लिपीने हा पुरावा दडवला जातो तेव्हा घोटाळे होतात. जेंटामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन मराठीत सख्खे भाऊ दिसतात. इंग्रजीत स्ट्रेप्टोमायसिनला वाय आहे, जेंटामायसिनला आय. स्ट्रेप्टोमायसिनच्या वायमागे मायकीस आहे. जेंटामायसिन ज्या जीवाणूपासून मिळालं त्याचं नाव मायक्रोमोनोस्पोरा, आणि त्यातला मायक्रो म्हणजे लहान. त्याच्या आयमागे बुरशीच नाही. मी त्या मुलीला सांगून ठेवलं आहे की मराठीत लिहिलेल्या नावाचा विग्रह कधी करायचा नाही. पट्टी उलटी करून इंग्रजी स्पेलिंग वाचायचं आणि मग बोलायचं.

पुढे तो मायसिन होतो तेव्हा थेट आमच्या पंचक्रोशीत येतो. पवना आणि रेल्वेलाइन ओलांडली की पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना. सगळे त्याला एचए म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने 1954 मध्ये तो उभा राहिला, आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन बनू लागलं. नंतर स्ट्रेप्टोमायसिनही. पिंपरी-चिंचवडमध्ये मोटारींचे कारखाने येण्याआधीच्या काळात इथे पोलादी टाक्यांत बुरशी आणि जीवाणू वाढवले जात होते.

स्ट्रेप्टोमायसिनचा विग्रह करायला गेलं तर स्ट्रेप्टोस म्हणजे पिळलेलं, वळवलेलं. मायसिन म्हणजे बुरशीचं काही. पिळलेल्या बुरशीचं औषध? की पिळलेल्या बुरशीवरचं? दोन्ही चूक. हा मध्यमपदलोपी आहे. मधलं जे पद लोपलं ते स्ट्रेप्टोमायसीस, एका जीवाचं नाव. त्या जीवापासून मिळालं ते स्ट्रेप्टोमायसिन. सेल्मन वॅक्समन आणि आर्थर हेन्रिसी यांनी 1943 मध्ये हे नाव दिलं. हा जीव धाग्यांनी वाढतो, धाग्यांच्या टोकांना पीळ पडतो, त्यांच्यावर बिजाणू येतात. पाहणाऱ्याला बुरशीच वाटावी. पण त्याला पेशीकेंद्रक नाही. तो जीवाणू आहे. त्याच्यापासून वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी क्षयावरचं पहिलं प्रभावी प्रतिजैविक मिळवलं. ओळीने मांडलं तर असं होतं: नावात बुरशी असलेल्या जीवाणूपासून मिळालेलं औषध, नावात बुरशी असलेल्या दुसऱ्या जीवाणूवर चालतं, आणि या सगळ्यात खरी बुरशी कुठेच नाही. मायको इथे दोन वेळा हजर आहे, दोन्ही वेळा 'सारखं' या अर्थाने.

तेव्हापासून स्ट्रेप्टोमायसीस आणि त्याच्या भाऊबंदांपासून मिळणाऱ्या औषधांना मायसिन ही शेपटी लागली. ती उगमाचा दाखला झाली. मायसिन दिसलं की 'कशावर' हे विचारू नये, 'कुठून' हे विचारावं. आपल्या घराघरांत शिरलेलं ॲझिथ्रोमायसिन जीवाणूंवर चालतं. घशात बुरशी आली तर त्याचा काही उपयोग नाही. ॲझि म्हणजे नायट्रोजन, रसायनशास्त्राच्या फ्रेंच परंपरेतून आलेला. 'थ्रोमायसिन' हे एरिथ्रोमायसिनचं तोडून घेतलेलं शेपूट, आणि एरिथ्रोस म्हणजे लाल. म्हणजे नायट्रोजन घालून बदललेलं एरिथ्रोमायसिन. इथे तर ग्रीक शब्दाचे तुकडे त्यांच्या नैसर्गिक सांध्यावर न तुटता भलत्याच ठिकाणी तुटले आहेत. 'थ्रो' असा ग्रीक धातू शोधत बसलं तर हाती काहीच लागत नाही.

आता या मायसिन घराण्यातला आमच्या गावचा मुलगा. त्या मुलीच्या पुस्तकात बुरशीविरोधी औषधांच्या यादीत एक नाव आलं, हॅमायसिन. ते मी मुद्दाम तिला अर्थ न सांगता फोडायला दिलं. तिने शेपटीपासून सुरुवात केली हे मला आवडलं. मायसिन, म्हणजे स्ट्रेप्टोमायसीसच्या घरातलं. पुढे उरलं 'हॅ'. इंग्रजीत एच आणि ए. तिने विचार केला आणि म्हणाली, "मॅडम, हीमा. रक्त. हीमोग्लोबिनमधलं. रक्तातल्या बुरशीवर देत असतील."

अंदाज चांगला बांधलेला होता आणि पूर्ण चुकीचा होता. काउंटरवर रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आलेले काका एचएमधून निवृत्त झालेले. ते ऐकत होते. म्हणाले, "अगं, रक्त कसलं? एच ए म्हणजे आमची कंपनी."

तसंच आहे ते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या आद्याक्षरांवरून हॅमायसिन. एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्या संशोधन विभागात ते शोधलं आणि 1961 मध्ये कंपनीच्याच शोधपत्रिकेत प्रसिद्ध केलं. ज्या जीवापासून ते मिळालं त्याचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. ग्रीक आडनाव, आणि पुढे आपली पिंपरी, लॅटिन प्रत्यय लावून.

औषधाचं काम मात्र त्या मुलीने धरलेल्या अर्थाच्या उलट बाजूचं. हॅमायसिन तोंडाने घेतलं तर रक्तात उतरेलच याचा भरवसा नसतो. म्हणून त्याचा वापर मुख्यतः वरून लावण्यासाठी झाला: तोंडातल्या आणि त्वचेच्या कँडिडा बुरशीवर, आणि ओटोमायकोसिसवरही. त्याची रचना सात दुहेरी बंधांच्या साखळीची आहे, म्हणून त्याला हेप्टाईन गटात धरतात. हेप्टा म्हणजे सात. आपल्या 'सप्त'चं ग्रीक भावंड, सुरुवातीचा स तिकडे ह झालेला. मराठी वाचणाऱ्याला असे काही तुकडे कोशाशिवाय हाती येतात. 'ट्राय'मध्ये त्रि सापडतो, 'हायपर'मध्ये उपरि, 'डिस'मध्ये दुस्. एचए नाव मात्र कुठल्याच भाषाकुळात सापडणार नाही. ते फाटकावरच्या पाटीवर सापडतं.

हॅमायसिन बुरशीच्या पेशीच्या पडद्यातल्या एर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटतं. पडद्याला छिद्रं पडतात, आतले क्षार बाहेर गळतात, पेशी मरते. यातून एक प्रश्न मी त्या मुलीला घातला. स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना जर नावाप्रमाणे बुरशी असती, तर आपल्याच बनवलेल्या हॅमायसिनने ती वाचली असती का? थोडा वेळ गेला, मग तिच्या लक्षात आलं. तो जीवाणू आहे, त्याच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल नसतंच, म्हणून ते विष त्याला बाधत नाही. नावातला मायसीस खरा नाही हे कोश न उघडता, औषधाच्या कामावरून तिने सिद्ध केलं. मला त्या दिवशी फार समाधान वाटलं. शब्द फोडायला शिकणं म्हणजे असंच: शब्दाने एक म्हटलं, वस्तूने दुसरं दाखवलं, तर वस्तूचं ऐकायचं, आणि शब्द तसा का झाला ते नंतर शोधायचं.

पहिल्या पदात ग्रीकऐवजी पत्ता असणं हे फक्त पिंपरीतच घडलं असं नाही. निस्टॅटिन हे बुरशीवरचं जुनं औषध. त्यातला 'निस' न्यूयॉर्क स्टेटच्या आद्याक्षरांचा. लिंकोमायसिनमध्ये अमेरिकेतलं लिंकन शहर आहे, जिथल्या मातीत तो जीव सापडला. उंदरांच्या आणि रक्त पातळ करण्याच्या औषधात, वॉरफरिनमध्ये, विस्कॉन्सिनच्या एका संशोधन प्रतिष्ठानाची आद्याक्षरं आहेत. ओळखायची खूण एवढीच की शेपटी नीट लागते, मधलं लागतं आणि पहिलं पद कुठल्याच ग्रीक धातूला धड बसत नाही. तेव्हा ओढून ताणून धातू बसवायचा नाही. माणूस, गाव, कंपनी यांपैकी काही आहे का ते पाहायचं. एचएनेच शोधलेल्या ऑरिओफंजिनमध्ये उलट सगळं सरळ आहे. ऑरम म्हणजे सोनं आणि फंगस म्हणजे बुरशी, दोन्ही लॅटिन. पिकांवरच्या बुरशीसाठी वापरलेलं पिवळं औषध. इथे प्रत्यय 'वर'चा. आणि लक्षात घ्या, इथे काम सांगायचं होतं तेव्हा नाव ठेवणाऱ्यांनी ग्रीक मायको बाजूला ठेवून लॅटिन फंगस घेतला.

स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिनापासून आणखी एक पदार्थ मिळाला. त्याची रचना 1963 मध्ये पक्की झाली: इंडोलला जोडलेलं ऑक्सॅझोलचं कडं. नाव पडलं पिंप्रिनीन. शेपटीची 'ईन' नायट्रोजन असलेल्या अल्कलॉइडांची, कॅफीन आणि क्विनीनला असते तीच. पुढे जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांनी या जातीचे पदार्थ दुसऱ्या जीवांतूनही काढले आणि प्रयोगशाळेत बनवले, आणि त्या सगळ्यांना पिंप्रिनीन वर्गातलेच म्हटलं जातं. जपानात किंवा जर्मनीत बसलेला एखादा विद्यार्थी हा शब्द पहिल्यांदा वाचेल तेव्हा 'ईन' त्याला कळेल. 'पिंप्रि' तो ग्रीक कोशात शोधेल, मग लॅटिन कोशात. आमच्या दुकानातल्या त्या मुलीने शब्द वाचला आणि कोशाकडे हातही नेला नाही. ती पिंपरीहूनच येते.